चौघांचं सादरीकरण १२ मिनिटांत कसं बसवायचं: आधी सांधे, मग भाषणं

कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये प्रोजेक्टची सादरीकरणं ऐकायला बसलं की एकच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. पहिली रमून बोलते. दुसरा आपल्या भागात जरा जास्तच शिरतो. तिसरी मध्यावर असताना घंटी वाजते. मग चौथा, ज्याच्याकडे सगळ्या कामाचा निष्कर्ष असतो, तो "वेळेअभावी थोडक्यात सांगतो" म्हणत सहा-सात स्लाइड भराभर पुढे ढकलतो. परीक्षकांना नेमकं जे ऐकायचं असतं तेच राहून जातं.

यात चौघांपैकी कोणाचीही तयारी कमी नसते. प्रत्येकाने आपला भाग घोटलेला असतो, पण दोन भागांच्या मधली जागा कोणाच्याच वाट्याला आलेली नसते. वेळ तिथेच गळतो. म्हणून या लेखात भाषण चांगलं कसं करावं याबद्दल काही नाही. चौघांनी एकमेकांकडे सूत्रं कशी द्यायची आणि घड्याळ कसं सांभाळायचं, एवढंच आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. समजा, नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या चौघांनी निफाड तालुक्यातल्या दोन कांदाचाळींचा अभ्यास केला. एका चाळीच्या तळातून हवा खेळते, दुसरीचा तळ बंद आहे. दोन्हींत सेन्सर लावून तापमान आणि आर्द्रता मोजली. सादरीकरणाला १२ मिनिटं, त्यानंतर प्रश्न. चौघांना इथे पहिली, दुसरा, तिसरी आणि चौथा असंच म्हणू.

## टप्पा १: वेळेचा नियम नीट विचारून घ्या

"बारा मिनिटं आहेत" एवढ्यावर तयारीला लागू नका. ज्यांच्या हातात घंटी असणार आहे त्यांना चार गोष्टी विचारा. वेळ नाव पुकारल्यापासून धरणार की पहिल्या वाक्यापासून? प्रश्नोत्तरं १२ मिनिटांत आहेत की वेगळी? इशाऱ्याची घंटी कितव्या मिनिटाला वाजते? आणि शेवटची घंटी झाल्यावर थांबवतात, की बोलू देऊन गुण कापतात?

यातला पहिला प्रश्न बहुतेक गट विचारतच नाहीत. वेळ नाव पुकारल्यापासून धरत असतील तर लॅपटॉप जोडणं, फाइल उघडणं, माइक लागतोय का पाहणं, हे सगळं तुमच्याच १२ मिनिटांतून जातं. त्यात मिनिट-दीड मिनिट सहज खर्ची पडतं. तसं असेल तर पुढच्या टप्प्यातला सगळा हिशेब तेवढा कमी धरून करा.

## टप्पा २: मिनिटं नाही, सेकंद वाटा

१२ भागिले ४ म्हणजे प्रत्येकाला ३ मिनिटं, ही वाटणी दोन कारणांनी चुकीची आहे. एक म्हणजे तीत सूत्रं देण्याघेण्याला वेळच ठेवलेला नाही. दुसरं म्हणजे चारही भागांचं वजन सारखं नसतं. प्रस्तावनेला ३ मिनिटं दिली की ती भरायला म्हणून देशात कांदा किती पिकतो, लासलगावची बाजारपेठ किती मोठी आहे, असली माहिती येते. निफाडकडचं काम नाशिकच्या परीक्षकांसमोर मांडताना यातलं काहीही सांगायची गरज नसते.

आधी १२ मिनिटांचे ७२० सेकंद करा. त्यातले ६० सेकंद बाजूला काढून ठेवा. ते कोणाचेच नाहीत. उरले ६६०. तीन सांध्यांचे, म्हणजे तीन वेळा बोलणारा बदलतो त्याचे, प्रत्येकी १० धरून ३० वजा करा. उरलेले ६३० सेकंद खऱ्या मजकुराचे.

आता वजन पाहून वाटा. आपल्या उदाहरणात प्रश्नाची मांडणी २ मिनिटं, मोजणीची पद्धत ३ मिनिटं, निकाल साडेतीन मिनिटं आणि उपाय व मर्यादा २ मिनिटं. मग घड्याळ असं दिसेल:

| कोण | काय | सुरुवात | शेवट |
|---|---|---|---|
| पहिली | चाळीतल्या कांद्याचं नेमकं काय बिघडतं | ०:०० | २:०० |
| दुसरा | दोन चाळी, सेन्सर, नोंदी | २:१० | ५:१० |
| तिसरी | आलेख आणि निकाल | ५:२० | ८:५० |
| चौथा | शेतकऱ्याने काय बदलावं, मर्यादा | ९:०० | ११:०० |

या तक्त्यातला "सुरुवात" हा रकाना चौघांना तोंडपाठ हवा. "माझ्याकडे ३ मिनिटं आहेत" हे व्यासपीठावर काही कामाचं नाही, कारण उभं राहिल्यावर घड्याळात एकूण वेळ दिसतो. "मला २:१० ला सुरू करून ५:१० ला संपवायचंय" हे मात्र एका नजरेत तपासता येतं.

सावधान: बाजूला काढलेला तो मिनिट कोणाच्या भागात मिसळू नका. तालमीत सगळं १०:५० मध्ये संपलं की कोणीतरी "अजून एक स्लाइड बसते" म्हणतंच. बसत नाही. प्रत्यक्ष दिवशी परीक्षक मध्येच एखादा शब्द परत विचारतात, पडद्यावर स्लाइड उशिरा येते. तो मिनिट त्यासाठीच आहे.

## टप्पा ३: कोणी कोणता भाग घ्यायचा

हे मैत्रीवर ठरतं आणि तिथेच फसतं. चांगलं बोलणाऱ्याला पहिलं उभं करायची पद्धत आहे. माझं मत वेगळं आहे: सगळ्यात शिस्तीचा माणूस चौथा असावा. मागच्या तिघांनी खाल्लेला वेळ त्याच्याच अंगावर येतो. ऐनवेळी अर्धा मजकूर टाकून देऊन शांतपणे शेवट करणं त्याला जमलं पाहिजे. लांबवायची सवय असलेल्याला पहिला भाग द्या, कारण तो लहान आणि सगळ्यात ठरीव असतो. शिवाय त्याची चूक भरून काढायला पुढे तिघं असतात.

सेन्सर जोडणं, कोड लिहिणं हे ज्याने केलं त्याला पद्धतीचा भाग आपोआप जातो. ते बरोबरच आहे, पण त्याला ३ मिनिटांत बसवायला बाकी तिघांनी मदत करायला हवी. स्वतःचं काम स्वतःला कापता येत नाही.

## टप्पा ४: सांधे लिहा, भाषणं लिहायच्या आधी

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, म्हणून याला एक पूर्ण बैठक द्या. चौघं एकत्र बसा, लॅपटॉप बंद ठेवा, कागदावर फक्त तीन सांधे लिहा.

नेहमीचा सांधा कसा असतो ते आधी पाहू. पहिली म्हणते, "तर हे होतं आमचं इंट्रोडक्शन. आता पुढचा भाग माझा मित्र सांगेल. थँक यू." ती खाली उतरते, तो खुर्चीतून उठतो, माइक हातात घेतो, आपली स्लाइड शोधतो आणि म्हणतो, "गुड मॉर्निंग एव्हरीवन. तर आत्ता सांगितलं त्याप्रमाणे कांद्याचं नुकसान होतं, आणि त्यासाठी आम्ही…" म्हणजे आभार, चालणं, नमस्कार आणि झालेल्या गोष्टीची उजळणी. यात २०-२५ सेकंद जातात. तीन सांध्यांचे मिळून सव्वा मिनिट, आणि त्यात नवीन माहिती शून्य.

सांध्याचा नियम साधा आहे. जाणाऱ्याचं शेवटचं वाक्य एक प्रश्न उभा करतं आणि येणाऱ्याचं पहिलं वाक्य त्याचं उत्तर देतं. मध्ये आभार नाहीत, पुन्हा नमस्कार नाही, मागच्याची उजळणी नाही. चौघांची ओळख पहिल्या स्लाइडवर पहिलीने एकदाच करून द्यायची, कोण कोणता भाग सांगणार हेही तिनेच एका वाक्यात सांगायचं. मग परत नावं घ्यायची गरज उरत नाही.

पहिला सांधा असा लिहिता येईल.

पहिली: "चाळीत कांदा सडलाय हे शेतकऱ्याला वासावरून कळतं. पण वास येतो तोवर उशीर झालेला असतो. त्याआधी चाळीत काय घडतं?"

दुसरा: "ते पाहायला आम्ही कांद्याच्या थरात तीन उंचींवर सेन्सर ठेवले."

दुसरा सांधा.

दुसरा: "दोन्ही चाळींत कांदा एकाच शेतातला, भरलेला एकाच आठवड्यात. फरक फक्त तळाचा. त्याने काही बदललं का?"

तिसरी: "बदललं, आणि ते सगळ्यात खालच्या थरात बदललं."

तिसरा सांधा.

तिसरी: "तळातून हवा आली तिथे खालचा थर कोरडा राहिला. पण म्हणून आहे ती चाळ पाडून नवी बांधणं कोणाला परवडेल?"

चौथा: "पाडायची गरज नाही. आहे त्या चाळीत दोन बदल करता येतात."

सांध्यांची ही वाक्यं शब्दशः पाठ करायची. बाकी भाषण मुद्द्यांवरून बोललं तरी चालेल, किंबहुना तसंच बोलावं. पण सांध्याच्या वाक्यात एक शब्द इकडचा तिकडे व्हायला नको. पुढचा माणूस त्या शब्दाची वाट पाहत उभा असतो. "परवडेल?" ऐकलं की चौथ्याने तोंड उघडायचं, हे ठरलेलं. तिसरीने ऐनवेळी "तर खर्चाचा मुद्दा पण आहेच" असं काहीतरी म्हटलं, तर तो अजून वाक्य येईल म्हणून थांबणार आणि सभागृहात अवघड शांतता पसरणार.

सादरीकरण इंग्रजीत असेल तर सांधेही इंग्रजीतच लिहा आणि इंग्रजीतच पाठ करा. मराठीत ठरवून तिथे मनातल्या मनात भाषांतर करायला गेलात की नेमकं तेच वाक्य अडखळतं.

एक विमाही उतरवून ठेवा. प्रत्येकाने आपल्या सांध्याबरोबर पुढच्याची पहिली दोन वाक्यंही पाठ करायची. पुढच्याची बोबडी वळली, तर जाणाऱ्याने जागचं न हलता पहिलं वाक्य म्हणून टाकायचं. तेवढ्याने समोरच्याचा धागा बहुधा सापडतो, आणि ऐकणाऱ्यांना काही झाल्याचं कळतही नाही.

तपासा: चारही भाग झाकून ठेवा आणि फक्त सांध्यांची ही वाक्यं ओळीने वाचा. बाहेरच्या माणसाला प्रोजेक्ट कशाबद्दल आहे हे एवढ्यावरून कळलं, तर सांधे पक्के झाले. कळलं नाही, तर भागांचा क्रमच कुठेतरी चुकलाय. तो आत्ताच बदला.

## टप्पा ५: फाइल एकच, आणि ती एकाच्याच ताब्यात

प्रत्येकाने घरी आपापल्या स्लाइड करायच्या आणि आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पाठवायच्या, ही पद्धत सोडा. चार प्रकारचे फाँट, चार रंग, आणि तीन जणांच्या फाइलला "फायनल" हेच नाव. पहिल्याच दिवशी एक कोरी फाइल बनवा, तिच्यात चारही भागांची जागा आखा, आणि आदल्या दिवशी दुपारनंतर फक्त एकालाच तिला हात लावू द्या.

मराठी मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये आहे ना, हे पाहा. डीटीपीवाल्यांकडचा किंवा जुन्या फाइलमधून उचललेला मजकूर पुष्कळदा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असतो. तुमच्या लॅपटॉपवर तो छान दिसतो आणि हॉलच्या संगणकावर त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. दुसऱ्या कोणाच्याही संगणकावर फाइल उघडून पाहिली की हे लगेच कळतं. जोडीला पीडीएफ प्रत पेनड्राइव्हमध्ये ठेवा. तीत ॲनिमेशन चालणार नाही, पण अक्षरं जशीच्या तशी राहतील.

स्लाइडच्या कोपऱ्यात क्रमांक हवाच. सादरीकरण चालू असताना क्रमांक टाइप करून `Enter` दाबलं की पॉवरपॉइंट थेट त्या स्लाइडवर जातं. प्रश्नोत्तरांत "तो आलेख परत दाखवा" म्हटल्यावर बारा स्लाइड उलट्या सरकवत बसावं लागत नाही.

सावधान: पॉवरपॉइंटमधल्या `Rehearse Timings` ने तालीम केली की शेवटी ते वेळा जपून ठेवू का असं विचारतं. तिथे `Yes` म्हटलं की प्रत्यक्ष सादरीकरणात स्लाइड तालमीच्या वेळेप्रमाणे आपोआप पुढे जायला लागतात. तिसरी आलेख समजावत असते आणि मागे चौथ्याची स्लाइड येते. `Slide Show` टॅबवर `Use Timings` समोरची खूण काढून टाका. खरं तर तालमीला मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं, या सोयीच्या वाटेला जाऊच नका.

## टप्पा ६: मोठ्याने वाचून मोजा, मग कापा

मनातल्या मनात वाचलेलं नेहमी कमी वेळात संपतं. प्रत्येकाने उभं राहून, मोठ्याने, स्लाइड पुढे सरकवत आपला भाग म्हणायचा आणि बाकीच्यांपैकी कोणीतरी वेळ घ्यायची. मराठीत सावकाश, कळेल असं बोललं तर मिनिटाला साधारण शंभर-एकशेदहा शब्द होतात. तुमचा वेग वेगळा असू शकतो, म्हणून स्वतःचा मोजून घ्या. आलेखाला शब्दांखेरीज वेळ लागतो, हेही धरा. आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, कोणती रेघ कोणत्या चाळीची, हे सांगून ऐकणाऱ्यांना बघायला क्षणभर दिला तर एका आलेखामागे वीसेक सेकंद जास्तीचे जातात.

आपल्या चौघांचा पहिला हिशेब असा आला असं धरू: पहिली २:३५, दुसरा ४:१०, तिसरी ३:२०, चौथा १:५०. बेरीज ११:५५. इथे बहुतेक गट खूश होऊन उठतात, बारा मिनिटांच्या आत आलं म्हणून. पण त्यात सांधे नाहीत. ढिले सांधे २५ सेकंदांचे धरले तर एकूण १३:१० होतात. म्हणजे चौथ्याच्या बोलण्यातली शेवटची ७० सेकंदं घंटीनंतर जाणार, आणि मर्यादा सांगायच्या राहणार.

कापायचं कुठे हे आकड्यांवरूनच दिसतं. तिसरी आणि चौथा दोघंही आपल्या वेळेत आहेत, त्यांना हात लावायचा नाही. पहिली ३५ सेकंद जास्त आहे. तिची देशभरातल्या उत्पादनाची स्लाइड गेली की काम झालं. दुसरा ७० सेकंद जास्त आहे. त्याच्या भागात सर्किटची आकृती आहे, सेन्सरच्या तांत्रिक बाबींचा तक्ता आहे आणि सेन्सर चाळीत कुठे ठेवले त्याचा फोटो आहे. फोटो ठेवा. बाकी दोन्ही शेवटच्या स्लाइडच्याही मागे नेऊन ठेवा. परीक्षकांनी विचारलंच तर क्रमांक टाइप करून दाखवता येतील. त्याला हे पटायला वेळ लागेल, कारण सर्किटवर तो कित्येक रात्री बसलेला असतो. पण निकाल समजायला सर्किट लागत नाही, फोटो लागतो.

घाईने बोलून वेळ गाठायचा प्रयत्न करू नका. घाईत पहिला बळी सांध्याच्या वाक्याचा जातो.

### प्रत्येकाची कात्री

मजकूर बसल्यावर आणखी एक काम आहे. दुसरा, तिसरी आणि चौथा या तिघांनी आपल्या भागातला साधारण ३०-३५ सेकंदांचा एक तुकडा आधीच निवडून ठेवायचा, जो उशीर झाला तर गाळायचा. तो तुकडा शेवटी नसावा. शेवटी सांधा असतो आणि तो कधीच गाळायचा नाही. तो मधला असावा, सलग असावा, आणि शक्य तर एका स्लाइडवर असावा.

तिसरीची कात्री म्हणजे आर्द्रतेचा दुसरा आलेख. तापमान आणि आर्द्रता दोन्ही सांगायला मिळालं तर उत्तम, नाही तर खालच्या थराचा एकच आलेख पुरतो.

नियम असा ठेवा: तक्त्यातल्या वेळेपेक्षा ३० सेकंदांहून जास्त उशिरा सुरुवात झाली की कात्री. म्हणजे दुसऱ्याने २:४० नंतर सुरू केलं, तिसरीने ५:५० नंतर, तर आपापला तुकडा गाळायचा, विचार करत बसायचं नाही. चौथ्याला मात्र बाजूला काढलेल्या मिनिटाचा आधार असतो. तो १०:०० पर्यंत सुरू झाला तर पूर्ण बोलू शकतो. १०:०० ते १०:३० मध्ये सुरू झाला तर कात्री लावायची. १०:३० नंतर सुरू करावं लागलं तर थेट शेवटच्या स्लाइडवर जाऊन दोन बदल आणि एक मर्यादा, एवढंच सांगून थांबायचं. "वेळ कमी असल्यामुळे" हे शब्द उच्चारायचे नाहीत. गाळलेलं काय होतं ते ऐकणाऱ्यांना माहीत नसतं, आपण कशाला सांगायचं?

## टप्पा ७: तालीम तीन प्रकारांची

चौघांना एकत्र आणणं हीच नाशिकात निम्मी लढाई असते. एक सिडकोतून येणार, एक नाशिकरोडहून, एक पंचवटीतून, आणि एकीला निफाडची एसटी गाठायची असते. म्हणून व्हिडिओ कॉलवर तालीम करायचा मोह होतो. आपापला भाग तिथे म्हणून घ्या, हरकत नाही. पण चालणं, माइक देणं, नजरेने खूण करणं कॉलवर करता येत नाही, म्हणून सांध्यांची तालीम प्रत्यक्षच हवी. रिकामी वर्गखोली पुरते.

पहिली तालीम नुसत्या सांध्यांची. प्रत्येकाने आपल्या भागाचे शेवटचे २० सेकंद म्हणायचे, पुढच्याने सुरुवातीचे २० सेकंद. मधला भाग वगळायचा. तिन्ही सांधे एका दमात दोन-तीन मिनिटांत होतात, त्यामुळे अर्ध्या तासात पाच-सहा वेळा घोटून होतात. अडखळणं थांबेपर्यंत पूर्ण तालमीकडे वळू नका.

यात शरीराच्या हालचालीही बसवायच्या. पुढच्याने मागच्याची शेवटची स्लाइड आली की उठायचं. शेवटच्या वाक्याला उठलात तर उशीर झाला. तो स्क्रीनच्या ज्या बाजूला व्यासपीठ आहे त्या बाजूने, दोन पावलं मागे येऊन उभा राहतो. जाणारा शेवटचं वाक्य म्हणताना क्लिकर दाबून पुढच्याची पहिली स्लाइड आणून ठेवतो, मग क्लिकर आणि माइक देऊन पडद्यापासून लांबच्या बाजूने जातो. येणारा आणि जाणारा कधीच एका बाजूने नकोत, नाहीतर प्रोजेक्टरच्या उजेडात "आधी तू, आधी तू" चालतं. माइक हातात देताना बंद करू नका. हे इतक्या वेळा घडतं: जाणारा सवयीने बटण खाली करतो आणि येणारा बंद माइकमध्ये पहिलं वाक्य म्हणून टाकतो. ते वाक्य म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असतं.

दुसरी तालीम पूर्ण, न थांबता. चुकलं तरी "थांब, परत घेऊ" नाही. स्टॉपवॉच चालू ठेवून प्रत्येक सांध्याला लॅपचं बटण दाबा, म्हणजे कोणी किती घेतला हे वादावादीशिवाय समोर येतं. वेळ कोण पाहणार हेही इथेच ठरवा. पुढे ज्याला बोलायचंय त्याच्यावर हे काम टाकू नका, तो मनात आपली वाक्यं म्हणत असतो. ज्याचं बोलून झालंय त्याने पाहायचं: दुसऱ्याची वेळ पहिलीने, तिसरीची दुसऱ्याने, चौथ्याची तिसरीने. पहिलीसाठी चौथ्याने, त्याचा नंबर यायला अजून अवकाश असतो. ३० सेकंद उरले की वेळ पाहणाऱ्याने वही छातीशी धरायची. ५:५० उलटून गेले आणि तिसरी अजून व्यासपीठावर पोहोचायची आहे, असं झालं तर लाल फाइल वर करायची, म्हणजे कात्री. बोटांच्या खाणाखुणा लांबून दिसत नाहीत आणि हसू आणतात.

तिसरी तालीम बिघडवलेली. दुसऱ्याला सांगा, मुद्दाम ४५ सेकंद जास्त बोल. तिसरी कात्री लावते का, आर्द्रतेची स्लाइड न अडखळता ओलांडते का, आणि चौथा वेळेवर सुरू होतो का, हे पाहा. दुसऱ्या फेरीत मध्येच प्रोजेक्टर बंद झालाय असं धरा आणि जो बोलतोय त्याने स्लाइडशिवाय मिनिटभर चालू ठेवायचं.

तपासा: दोन पूर्ण तालमी लागोपाठ १०:३० ते ११:१५ च्या दरम्यान संपल्या तर थांबा. आणखी घोटलं तर वेग वाढतो आणि बोलण्यातला जीव जातो. त्याहून लवकर संपत असेल तर कोणीतरी धावतंय. लॅपच्या वेळा बघून तो कोण ते शोधा.

## टप्पा ८: त्या दिवशी

हॉलमध्ये आधी जायला मिळालं तर तीनच गोष्टी करा. लॅपटॉप जोडून `Windows + P` दाबा आणि पडदा कसा दिसतो ते पाहा. टिपणं स्वतःच्या स्क्रीनवर हवी असतील तर `Extend` निवडावं लागतं. दोन्हीकडे एकच दिसत असेल तर `Duplicate` चालू आहे. मग बसायची जागा ते व्यासपीठ हे अंतर एकदा चालून बघा आणि शक्य असेल तर पहिल्या रांगेच्या कडेच्या चार खुर्च्या धरा, बोलायच्या क्रमाने. तिसरं, माइक हातातला आहे की पोडियमला बसवलेला, हे पाहून सांध्याची एक फेरी तिथेच, आवाज न करता, नुसती चालून घ्या. पोडियमचा माइक असेल तर जाणाऱ्याने आधी बाजूला व्हायचं, मगच येणाऱ्याने पुढे यायचं, एवढा बदल होतो.

लिफ्टजवळ उभं राहून मजकूर बदलू नका. आदल्या गटाला परीक्षकांनी काहीतरी विचारलं म्हणून आपल्यात एक वाक्य घालावं, असं वाटतं. ते वाक्य सांध्यापाशीच आदळतं.

प्रश्नोत्तरांना चौघंही समोर उभे राहा, माइक चौथ्याकडेच राहू द्या. प्रश्न ज्याच्या भागातला त्याच्याकडे तो माइक देतो, तोंडाने "हे ती सांगेल" म्हणत नाही. एका प्रश्नाला एकानेच उत्तर द्यायचं. त्यात आणखी कोणी भर घालायची वेळ आलीच तर एकदाच, एका वाक्यात. सर्किटबद्दल प्रश्न आला, तर दुसऱ्याने मागे ठेवलेल्या स्लाइडचा क्रमांक टाइप करायचा, आणि आता त्याला हवं तेवढं बोलू द्या.